धूसर पार्श्वभूमी आणि बुबुळाची मोजपट्टी

येलदरीचं धरण भरलं आणि दरवाजे उघडले की जिंतूर-परभणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फोटोंचा लोंढा येतो. 1968 साली पूर्णा नदीवर पूर्ण झालेलं हे धरण दर पावसाळ्यात भरतंच असं नाही, त्यामुळे ज्या वर्षी दरवाज्यांतून पाणी सुटतं त्या वर्षी तिथं उभं राहून काढलेल्या फोटोला आपोआप किंमत येते. पुढे चेहरा स्वच्छ, मागे पांढऱ्या पाण्याचा पडदा आणि दरवाजे छान धूसर. लग्नाच्या अल्बममधल्यासारखा. असा फोटो पाहिला की दोन शंका येतात. माणूस खरोखर तिथं उभा होता, की घरच्या भिंतीपुढचा फोटो कापून धरणावर चिकटवला? आणि मागची धूसरता लेन्सनं केली, की फोनच्या सॉफ्टवेअरनं? या दोन शंका वेगळ्या आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी येतात. तपासाची सुरुवात मात्र एकाच जागेवरून होते. ती जागा म्हणजे फोटोतल्या माणसाचं बुबुळ.

आधी लेन्सचा हिशोब पाहू. कॅमेरा एका वेळी एकाच अंतरावर नेमका फोकस करतो. माणूस दीड मीटरवर उभा असेल आणि फोकस त्याच्या डोळ्यांवर असेल, तर दीड मीटरवरचं सगळं रेखीव दिसतं. त्याच्या थोडं पुढे-मागे जे आहे तेही डोळ्याला रेखीवच वाटतं. या पट्ट्याला फोटोग्राफर डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. पट्ट्याबाहेरचा प्रत्येक बिंदू फोटोत बिंदू राहत नाही, त्याची चकती होते. चकती जितकी मोठी तितकी धूसरता जास्त. प्रश्न एवढाच की चकती किती मोठी व्हायची हे कोण ठरवतं.

धरणावर संध्याकाळी लागलेला एखादा दिवा घ्या. तो इतका दूर आहे की त्याच्याकडून कॅमेऱ्याकडे येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्यातले लेन्सच्या भोकात शिरतात तेवढेच कामाचे, म्हणजे त्या किरणांची जुडी भोकाएवढीच जाड. ही जुडी वाटेत माणूस उभा आहे त्या अंतरावरून जाते तेव्हाही तिची जाडी तेवढीच असते. कॅमेऱ्याचं लक्ष तर त्याच अंतरावर बांधलेलं आहे. म्हणून त्याला तो दिवा माणसाशेजारी ठेवलेल्या, लेन्सच्या भोकाएवढ्या व्यासाच्या उजळ चकतीसारखा दिसतो. नियम इतका साधा आहे: फार दूरच्या वस्तूची धूसर चकती, माणसाच्या मापात मोजली, तर लेन्सच्या भोकाएवढी भरते. सेन्सर केवढा, फोटो किती मेगापिक्सेलचा, नंतर किती लहान केला, याचा या मापाशी संबंध नाही, कारण माणूस आणि चकती दोन्ही एकाच प्रमाणात लहान-मोठे होतात.

भोकाचा व्यास काढायला फोकल लेंग्थला अपर्चरच्या आकड्यानं भागायचं. लग्नाच्या फोटोग्राफरकडे हमखास असणारी 50 मिलिमीटर, एफ 1.8 ची लेन्स घेतली तर भोक सुमारे 28 मिलिमीटरचं. 85 मिलिमीटर, एफ 1.8 असेल तर 47. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ पाच-सहा मिलिमीटर असते आणि अपर्चर एफ 1.6 ते 1.9 च्या आसपास, म्हणजे भोक तीन-साडेतीन मिलिमीटरचं. मोठ्या सेन्सरच्या महागड्या फोनांत ते साडेचारच्या पुढे जातं, आणि काही झूम लेन्सांत सात-आठपर्यंत. त्याहून मोठी लेन्स फोनच्या जाडीत बसवणं अवघड.

आता बुबुळ. प्रौढ माणसाच्या डोळ्यातलं रंगीत वर्तुळ साधारण 12 मिलिमीटर रुंद असतं. चेहरा गोल असो की लांबट, माणूस उंच असो की ठेंगणा, हे माप फारसं बदलत नाही. समोरून काढलेल्या प्रत्येक फोटोत ही मोजपट्टी फुकट मिळते, आणि ती नेमकी फोकसच्या अंतरावरच असते. फोनच्या लेन्सनं दूरच्या धरणाची केलेली चकती या बुबुळाच्या पावपट, फार तर अर्ध्यापेक्षा थोडी मोठी असू शकते. 50 मिलिमीटरची लेन्स तीच चकती सव्वादोन बुबुळांएवढी करते. म्हणजे फोटो मोठा करून बुबुळ मोजलं आणि मागची चकती बुबुळापेक्षा मोठी भरली, तर ती धूसरता फोनच्या काचेनं केलेली नाही, हे तिथंच कळतं.

चकती मोजायला दरवेळी दिवा मिळेलच असं नाही. दिवसाच्या फोटोत पाण्यावर चमकणारा उन्हाचा कवडसा किंवा पानांच्या फटीतून दिसणारं आभाळ चालतं. तेही नसेल तर एखादी सरळ, ठळक कड शोधायची. धरणाच्या दोन दरवाज्यांमधला खांब उन्हात उजळ आणि शेजारची सावली काळी असते. त्या कडेवर उजळाकडून काळ्याकडे जायला जितके पिक्सेल लागतात, तेवढी चकतीची रुंदी. दोन टोकांचे फिके भाग निसटतात म्हणून माप थोडं कमीच भरतं. आपल्याला बारकाईचा आकडा नको आहे, पट हवी आहे.

एक उदाहरण कागदावर पूर्ण सोडवू. काल्पनिक आहे, पण आकडे खऱ्या लेन्सचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला 1600 पिक्सेल उंचीचा उभा फोटो, त्यात कमरेपासून वरचा तरुण. चौकटीत साधारण एक मीटर उंची मावली आहे, म्हणजे एका मिलिमीटरला 1.6 पिक्सेल, आणि बुबुळ 19 पिक्सेलचं. मागे दरवाज्यांमधल्या खांबाची कड 40 पिक्सेलमध्ये पसरलेली. म्हणजे चकती बुबुळाच्या दुपटीहून थोडी मोठी, माणसाच्या मापात 25 मिलिमीटर. पाठवणारा सांगतो, फोनवर काढला. फोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या भोकानं ही कड साडेपाच-सहा पिक्सेलच पसरली असती. तेव्हा एकतर कॅमेरा मोठा होता किंवा धूसरता मागाहून घातलेली आहे. यातलं कोणतं, हे एका मापानं ठरत नाही. त्यासाठी मधल्या अंतरावरच्या वस्तू हव्यात.

तरुणाच्या शेजारून मागे जाणारं रेलिंग अशा वेळी फार उपयोगी पडतं. दूरच्या दिव्याची जुडी समांतर असते, जवळच्या बिंदूची मात्र शंकूसारखी निमुळती होत लेन्सपासून त्या बिंदूपर्यंत जाते. म्हणून जवळच्या वस्तूची चकती लहान. माणूस दीड मीटरवर आणि वस्तू त्याच्या दुप्पट अंतरावर, तीन मीटरवर असेल, तर चकती भोकाच्या बरोबर निम्मी. 25 मिलिमीटरचं भोक धरलं, तर दोन मीटरवरचा रेलिंगचा खांब 10 पिक्सेलनं धूसर व्हायला हवा, तीन मीटरवरचा 20, पंधरा मीटरवरचं झाड 36, आणि दोनशे मीटरवरचा दरवाजा 40. धूसरता आधी झपाट्यानं वाढते आणि मग सपाट होते. दरवाजा आणि त्यामागची दोन किलोमीटरवरची झाडी यांच्यात फरक जवळजवळ राहत नाही. माणसाच्या पुढे उलट घडतं: वस्तू कॅमेऱ्याच्या जितकी जवळ तितकी चकती बेसुमार मोठी होते, तिला थांबायला कमाल मर्यादा नसते.

आपल्या फोटोत समजा दोन मीटरवरचा खांब अगदी रेखीव आहे, आणि तीन मीटरवरचा एकदम 38 पिक्सेलनं धूसर, जवळपास दरवाज्याइतकाच. मधली पायरीच नाही. हे कोणत्याही एका भोकाच्या हिशोबात बसत नाही. दोन मीटरचा खांब म्हणतो भोक शून्याच्या जवळ आहे, तीन मीटरचा म्हणतो 48 मिलिमीटर आहे, दरवाजा म्हणतो 25. खऱ्या लेन्सच्या फोटोत सगळ्या वस्तूंची साक्ष एकाच आकड्यावर जुळते. इथं ती जुळत नाही, कारण सॉफ्टवेअरनं चित्राचे दोन-तीन थर पाडले आणि मागच्या थराला सरसकट एकच धूसरता लावली.

पोर्ट्रेट मोड नेमकं हेच करतो, अलीकडे मात्र बरंच हुशारीनं. 2016 मध्ये आयफोन 7 प्लसनं दोन लेन्सा शेजारी बसवल्या. आपले दोन डोळे करतात तसं दोन चित्रांतल्या फरकावरून अंतराचा अंदाज घ्यायचा आणि त्यावर धूसरता रंगवायची. 2017 च्या पिक्सेल 2 नं एकाच लेन्सवर काम भागवलं. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागून लेन्सच्या दोन अर्ध्यांतून दिसणारी दोन चित्रं घेतली आणि माणसाची बाह्यरेषा ओळखणारं शिकवलेलं सॉफ्टवेअर जोडीला दिलं. या दोन चित्रांच्या दृष्टिकोनात मिलिमीटरहूनही कमी अंतर असतं. तेवढ्यावरून दोन मीटरवर काय आणि तीन मीटरवर काय हे ओळखणं कठीणच, म्हणून अंतराचा नकाशा ढोबळ राहतो. नवे महागडे फोन रेलिंगची पायरी पुष्कळदा बरोबर पकडतात. स्वस्त फोन आणि फोटो नंतर धूसर करून देणारी अ‍ॅप्स मात्र अजून दोन थरांवरच चालतात.

नकाशा चुकतो तो ठरावीक जागी. कमरेवर हात ठेवला की हात आणि अंगाच्या मधल्या त्रिकोणातून मागचं पाणी दिसतं. ते बाकी पाण्याइतकं धूसर आहे का पाहायचं, बहुतेकदा तो तुकडा रेखीवच राहून जातो. उडणारे केस, ओढणीची झालर, कानातला डूल, चष्म्याच्या काडीचं टोक यांची निम्मी जाडी पार्श्वभूमीत विरघळते. आणखी एक खूण कणांची आहे. संध्याकाळच्या फोटोत सेन्सरमुळे बारीक दाणे उमटतात. लेन्सची धूसरता सेन्सरवर पडण्याआधी झालेली असते, म्हणून दाणे रेखीव चेहऱ्यावर आणि धूसर पाण्यावर सारखेच दिसतात. सॉफ्टवेअर धूसर करतं ते दाणे उमटल्यानंतर, त्यामुळे पार्श्वभूमी साबणासारखी गुळगुळीत होते. काही कंपन्या नंतर खोटे दाणे पसरून देतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं आकुंचन दोन्हीकडचे दाणे पुसून टाकतं, म्हणून ही खूण मूळ फाइलवरच धरावी.

मूळ फाइल हाती आली तर भोकाचा व्यास अंदाजानं काढायची गरजच उरत नाही. फोटोत दडलेली माहिती एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमनं वाचता येते:

```
exiftool -FocalLength -FNumber -CustomRendered photo.heic
```

पहिल्या ओळीत 5.1 mm आणि दुसरीत 1.6 आलं, तर भोक 3.2 मिलिमीटरचं. इथं एक फसगत हमखास होते. काही प्रोग्रॅम त्याच ओळीत 26 mm असा दुसरा आकडाही दाखवतात. तो जुन्या 35 मिलिमीटर फिल्मशी तुलना करायला दिलेला असतो, त्यानं भागाकार केला तर भोक 16 मिलिमीटर येतं आणि फोनला नसलेली लेन्स मिळते. फोनच्या पडद्यावर पोर्ट्रेट मोडमध्ये सरकवायला दिलेला f चा आकडाही तसाच, तो धूसरतेचा नाटकी आकडा आहे, भोकाचा नाही. आयफोननं पोर्ट्रेट मोड वापरला असेल तर तिसऱ्या ओळीत बहुधा Portrait असं लिहूनच येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं.

इथपर्यंत धूसरता खोटी ठरली. माणूस खोटा ठरला का? मुळीच नाही. पोर्ट्रेट मोड हा फसवणुकीचा पुरावा नाही, फोनचं नेहमीचं बटण आहे. धरणावर खरोखर गेलेल्या शंभर जणांतले कितीतरी ते दाबतात. तपासात सगळ्यात जास्त घोळ याच ठिकाणी होतो: कानाच्या कडेचा धूसर डाग दाखवून लोक माणूसच चिकटवलाय म्हणून मोकळे होतात.

चिकटवलेला माणूस वेगळ्या रीतीनं सापडतो. खऱ्या लेन्सच्या फोटोत फोकसच्या अंतरापासून मागे जाताना धूसरता वाढते किंवा सपाट राहते, कमी कधीच होत नाही. समजा तरुणाचा फोटो स्टुडिओत 85 मिलिमीटर, एफ 1.8 वर दीड मीटरवरून काढला. डोळ्यांच्या दहा सेंटिमीटर मागे असलेला कान 47 मिलिमीटरच्या भोकामुळे जवळपास तीन मिलिमीटरनं, म्हणजे पाव बुबुळानं मऊ होतो. हा चेहरा कापून धरणाच्या फोनवर काढलेल्या फोटोत ठेवला, तर कान मऊ आणि त्याच्यामागे दोनशे मीटरवरचे दरवाजे काचेसारखे स्वच्छ, असं चित्र तयार होतं. एका लेन्सला एका क्षणात हे जमत नाही. कान इतका मऊ करणाऱ्या लेन्सनं दरवाजे चार बुबुळांएवढ्या चकत्यांत विरघळवले असते. कानाच्या मऊपणावरून भोक काढायचं, दरवाज्यावरून काढायचं, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. तीस आणि तीन असे निघाले तर कॅमेरे दोन होते. उलट केस, कान, खांदा सगळं सारखं रेखीव आणि मागे हळूहळू नीट वाढणारी धूसरता असेल, तर जोडणाऱ्यानं खऱ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या पार्श्वभूमीवर फोनचा माणूस ठेवला असण्याची शंका घ्यावी.

पाय दिसणाऱ्या फोटोत जमीन साक्ष देते. फोकसच्या अंतरावरची जमिनीची आडवी पट्टी तेवढी रेखीव असते आणि तिच्या अलीकडे-पलीकडे जमीन मऊ होत जाते. माणूस त्या जागी उभा असेल तर पट्टी त्याच्या चपलांतूनच जायला हवी. चेहरा रेखीव, चपला रेखीव, पण चपलेभोवतीचे खडे मऊ आणि स्वच्छ पट्टी त्याच्या पुढे हातभर अंतरावर, असं दिसलं तर तो माणूस त्या जमिनीवर उभा नव्हता. पण ही कसोटी मोठ्या कॅमेऱ्यापुरती. फोननं तीन-चार मीटरवरून काढलेल्या पूर्ण फोटोत तीन मिलिमीटरच्या भोकाची धूसरता पायांजवळच्या जमिनीवर व्हॉट्सअ‍ॅपच्या आकारात पिक्सेलभरही उरत नाही. सगळी जमीन रेखीव दिसते, आणि चिकटवलेला माणूसही रेखीवच. अशा फोटोत धूसरतेला सांगण्यासारखं काही नसतं. सावलीची दिशा आणि पाण्याचे तुषार पाहावे लागतात.

पाणी येलदरीच्या फोटोंत असतंच, आणि ते एक सुंदर कसोटी देतं. शांत पाण्यातलं दरवाज्याचं प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं; कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ते दरवाज्याइतकंच दूर असतं. म्हणून खऱ्या लेन्सच्या फोटोत माणसाच्या पायाशी तरंगणारं पान रेखीव दिसतं आणि त्याच जागेवरचं दरवाज्याचं प्रतिबिंब मात्र दरवाज्याइतकं धूसर. पाण्याला जमीन समजणारा अंतराचा नकाशा पान आणि प्रतिबिंब दोन्ही रेखीव ठेवून देतो.

जोडकाम कळायला फोकस कधीकधी पुरत नाही याचं एक जाहीर उदाहरण आहे. डिसेंबर 2015 मध्ये चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचं एक छायाचित्र पत्र सूचना कार्यालयानं प्रसिद्ध केलं. खिडकीबाहेर बुडालेली घरं अगदी स्वच्छ दिसत होती, मूळ छायाचित्रात मात्र बाहेरचं दृश्य अस्पष्ट होतं. दोन छायाचित्रं एकत्र केल्याचं कार्यालयानं मान्य केलं आणि ते मागे घेतलं. खिडकीबाहेरची अवाजवी स्वच्छता संशय यावा अशीच होती. पण लेन्सच्या हिशोबानं ती स्वच्छता अशक्य नव्हती. रुंद कोनाची लेन्स एफ 8 वर ठेवली की दीड-दोन मीटरवरचा माणूस आणि बाहेरची घरं दोन्ही बऱ्यापैकी रेखीव येतात. निकाल लागला तो मूळ छायाचित्र शेजारी ठेवल्यावर.

आपल्या तरुणाच्या फोटोचा निकालही तिथंच अडतो. रेलिंगनं धूसरता सॉफ्टवेअरची आहे एवढं सिद्ध केलं. कान, केस आणि खांदा सारखेच रेखीव आहेत, ते फोनच्या लहान भोकाशी जुळतं. दरवाज्यांचा मूळ रेखीवपणा सॉफ्टवेअरनं पुसल्यामुळे दोन कॅमेऱ्यांची तुलना आता करता येत नाही. पोर्ट्रेट मोडनं पुराव्याची जागाच धुऊन टाकली आहे. आयफोनवर मूळ फाइल उघडून एडिटमध्ये पोर्ट्रेट बंद केलं की धूसर न केलेलं चित्र परत येतं, इतर बऱ्याच फोनांतही अशी सोय असते. मग दरवाज्याच्या खांबाची कड पुन्हा मोजायची, या वेळी ती, चित्र त्याच 1600 पिक्सेल उंचीवर आणल्यावर, पाच-सहा पिक्सेलच्या घरात यायला हवी. आणि त्याच मिनिटात काढलेले पुढचे-मागचे दोन फोटो मागायचे. सेल्फी काढणारा माणूस एकावर सहसा थांबत नाही.